पावतीवरचा आकडा सगळाच भाडं नसतो

जानेवारी लागला की अकाउंट्सकडून निरोप येतो, भाड्याच्या पावत्या जमा करा. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्यावर सवलत हवी असेल, तर त्या पावत्यांतून तीन गोष्टी उचलायच्या असतात: घरमालक कोण, भाडं कोणत्या महिन्याचं आणि किती. पावती तळहाताएवढी असली, तरी चूक या तिन्ही ठिकाणी होते.

पुण्यातल्या एका नोकरदाराची एक पावती घेऊ. वर तारीख 5/4/2024. खाली ‘श्री. अमुक यांजकडून माहे मार्च 2024 चे भाडे व मेंटेनन्स मिळून रु. 16,500 मिळाले’. शेवटी सही.

‘यांजकडून’च्या आधी येतं ते भाडेकरूचं नाव. घाईत तेच घरमालकाच्या रकान्यात जाऊन बसतं. मालक शोधायचा तो सहीपाशी. तिथे ‘करिता’ लिहिलं असेल तर सही मुलाची किंवा एजंटाची असू शकते, म्हणून नाव भाडेकराराशी ताडून पाहावं. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन द्यावा लागतो. तो पॅन ज्याच्या नावावर आहे, तेच नाव रकान्यात हवं.

तारखेची गंमत वेगळी. एप्रिलची तारीख बघून ही पावती नव्या वर्षात धरली जाते. पण भाडं मार्चचं आहे, म्हणजे ती 2023-24 ची. पाहायचं ते ‘माहे’नंतरचं. उलट मार्च 2025 ची पावती एप्रिलच्या तारखेची असली तरी 2024-25 मध्येच येईल. काही मालक तीन महिन्यांची एकच पावती देतात. तिथली रक्कम एका महिन्याची धरली, तर भाडं तिप्पट होतं.

आता रक्कम. करार पाहिला तर भाडं 15,000 आणि मेंटेनन्स 1,500. सवलत फक्त भाड्यावर मिळते. या नोकरदाराचा मूळ पगार महिना 40,000, भत्ता 16,000. करमुक्त रक्कम तीन आकड्यांतली सर्वांत लहान असते: मिळालेला भत्ता, पगाराचे ठरावीक टक्के (2024-25 मध्ये पुण्यात 40, मुंबईत 50) आणि भाड्यातून पगाराचे 10 टक्के वजा केलेली रक्कम. पहिले दोन आकडे वर्षाला 1,92,000 येतात. तिसरा, 1,80,000 वजा 48,000, म्हणजे 1,32,000. सवलत तेवढीच. पावतीवरचे 16,500 तसेच उचलले असते तर 1,50,000 झाले असते, म्हणजे 18,000 रुपये नाहक जास्त.

शेवटची खातरजमा सोपी आहे. ‘अक्षरी रुपये’ आणि आकडा जुळवा, मग बारा महिने बोटांवर मोजा. एखादा महिना दोनदा आला किंवा गळला, तर तो तिथेच सापडतो.