आठशेच्या इंजिनातले चौतीस सीसी

मारुती ८०० च्या इंजिनाचा आकडा ७९६ सीसी, हे अनेकांना पाठ असते. पण त्या ७९६ मध्ये एक जागा मोजलेलीच नसते. पिस्टन वर चढून थांबला की त्याच्या डोक्यावर जी थोडी पोकळी उरते, ती. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबले जाऊन पेटते ते याच पोकळीत. इंजिन पेट्रोलमधून किती काम काढेल आणि कोणत्या पेट्रोलवर ते कुरकुर न करता चालेल, हे ठरवण्यात या छोट्या जागेचा वाटा फार मोठा आहे. तिच्यावरूनच इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो निघतो.

पिस्टन सर्वांत खाली असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते, तिला पिस्टन सर्वांत वर असताना उरलेल्या जागेने भागायचे. खाली असतानाची जागा म्हणजे पिस्टनने झाडून काढलेली जागा अधिक वरची पोकळी. हिशेब एवढाच आहे, आणि तो नेहमी एका सिलिंडरचा करायचा असतो.

आठशेच्या इंजिनात तीन सिलिंडर आहेत. प्रत्येकाचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ६८.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरपासून खालपर्यंतची चाल, ७२ मिलिमीटर. सेंटिमीटरमध्ये मांडले तर वर्तुळाचे क्षेत्रफळ ३६.८५ चौरस सेंटिमीटर येते. त्याला ७.२ ने गुणले की २६५.३ घन सेंटिमीटर, म्हणजे तेवढेच सीसी. तिनाने गुणून पाहा, ७९६ मिळतात. हा भाग कागदावर मिनिटभरात होतो.

वरची पोकळी मात्र सूत्रातून निघत नाही. हेडमधला पेटीसारखा भाग व्हॉल्व्हच्या बशा, प्लगचे टोक आणि ओतकामाचे गोलावे यांमुळे वेडावाकडा असतो. म्हणून तो द्रव भरून मोजतात. हेड साफ करून उलटे ठेवायचे. व्हॉल्व्ह बसवलेले आणि प्लग पूर्ण आवळलेला हवा, कारण प्लगच्या टोकाशीही थोडी जागा असते. व्हॉल्व्हच्या बैठकीला किंचित ग्रीस लावले की गळत नाही. मग एका कडेला बारीक भोक पाडलेली पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पट्टी ग्रीसवर दाबून त्या तोंडावर चिकटवायची आणि भोक सर्वांत उंच राहील असे हेड जरासे कलते करायचे. नाहीतर हवेचा बुडबुडा आत अडकतो आणि तेवढे माप कमी येते. आता ब्युरेटमधून केरोसीन किंवा पातळ तेल हळूहळू सोडायचे. शेवटचा बुडबुडा निघून द्रव भोकापाशी आला की ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. समजा तो २८ सीसी आला. (हा आणि पुढचे हेड, गॅस्केट, फटीचे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत; प्रत्येक इंजिनाचे आपापले असतात.)

बरेच जण इथेच थांबतात. २६५.३ अधिक २८, भागिले २८. उत्तर साडेदहाच्या आसपास येते आणि इंजिन चांगलेच कडक आहे असा समज होतो. पण पोकळी अजून पूर्ण मोजलेली नाही. हेड आणि ब्लॉकच्या मध्ये गॅस्केट असते. बोल्ट आवळल्यावर त्याची जाडी १.२ मिलिमीटर उरली आणि भोकाचा व्यास ७० मिलिमीटर असला, तर तिथेच ४.६ सीसी जागा आहे. पिस्टनही अगदी ब्लॉकच्या काठापर्यंत येतोच असे नाही. तो अर्धा मिलिमीटर खाली राहत असेल तर आणखी १.८ सीसी. पिस्टनच्या माथ्यावर खळगा असेल तर तोही मिळवायचा, उंचवटा असेल तर वजा करायचा. आपला पिस्टन सपाट मानू. एकूण पोकळी झाली ३४.४ सीसी.

आता २६५.३ अधिक ३४.४, म्हणजे २९९.७. त्याला ३४.४ ने भागले की ८.७. साडेदहा आणि पावणेनऊ यांच्यातला फरक केवळ कागदावरचा नाही. साडेदहा समजून महागडे जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरणाऱ्याला या इंजिनात त्याचा काही उपयोग होणार नाही. उलट चूकही होते: वरची पोकळी न मिळवताच भागाकार केला तर ७.७ येतात, पूर्ण एकाने कमी. आणि कोणी ७९६ लाच एका सिलिंडरच्या पोकळीने भागले, तर उत्तर तेविसाच्या घरात जाते. एवढा रेशो डिझेल इंजिनाचा असतो. तसा आकडा दिसला की हिशेबात सिलिंडरांची गल्लत झाली, हे लगेच ओळखावे.

भागाकारात खाली लहान संख्या असल्यामुळे तिच्यातली थोडीशी चूकही उत्तर हलवते. पोकळी एक सीसीने कमी धरली तर ८.७ चे जवळजवळ ८.९ होतात. झाडलेल्या जागेत एका सीसीची चूक झाली तर फरक ०.०३ चा. म्हणून बोअर मोजण्यापेक्षा ब्युरेट वाचण्यात जास्त सावध राहावे लागते. याच कारणाने जुन्या इंजिनात साचलेला कोळसाही रेशो वाढवतो. पोकळीत दोन सीसी कार्बन बसला की ८.७ वरून ९.२ होतात. शिवाय तो तापून लाल झाला तर ठिणगीआधीच मिश्रण पेटवतो. चढावर इंजिनातून टणटण आवाज येऊ लागण्यामागे हेही एक कारण असते.

ही टणटण म्हणजे नॉकिंग, आणि रेशो हवा तेवढा वाढवता येत नाही याचे मूळही तिथेच आहे. मिश्रण जास्त दाबले की जास्त तापते. प्लगपासून पसरणारी ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण आपोआप आणि एकदम पेटते, दाबाच्या लाटा पिस्टनवर आदळतात. ऑक्टेनचा आकडा म्हणजे या आपोआप पेटण्याला पेट्रोल किती विरोध करते त्याचे माप. इंधन तेच ठेवून रेशो वाढवला, तर एका टप्प्यावर ठिणगी उशिरा द्यावी लागते आणि मिळालेला फायदा पुन्हा हातचा जातो.

हा टप्पा गॅरेजमध्ये नकळत ओलांडला जातो. इंजिन तापून हेड वाकले की त्याला फेसिंग मारतात. अर्धा मिलिमीटर धातू काढला आणि पोकळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ ३० चौरस सेंटिमीटर असले, तर दीड सीसी जागा गेली. रेशो ९.१ वर आला. रिबोअर करून अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन टाकला, तर झाडलेली जागा २६९.२ सीसी होते आणि रेशो तेवढ्यानेच ८.८. दोन्ही कामे एकदम केली तर बेरीज जाणवते. फेसिंगमुळे आणखी एक गोष्ट होते: हेड खाली आल्याने टायमिंग बेल्टचे कॅमशाफ्टपर्यंतचे अंतर घटते आणि व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ किंचित मागे पडते. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातली मोकळी जागाही कमी होते, ती तपासल्याशिवाय इंजिन फिरवू नये. किंचित जाड गॅस्केट घालून गेलेली जागा परत मिळवता येते. आपल्या उदाहरणात दीड सीसीसाठी ०.४ मिलिमीटर पुरतील.

गॅरेजमध्ये ‘गाडीचे कॉम्प्रेशन गेले’ असे म्हणतात, तेव्हा प्लगच्या जागी गेज लावून दाब मोजलेला असतो. तो दाब रिंग झिजल्या किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसले की कमी होतो, कारण हवा गळते. भूमितीने ठरलेला रेशो त्या वेळीही जवळपास तेवढाच असतो. गेजचा आकडा कमी आला म्हणून हेड घासून रेशो वाढवायला गेलात, तर गळती तशीच राहते आणि नॉकिंग मात्र नवे येते. आधी प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा दाब पाहावा. आकडा वर गेला तर दोष रिंगांचा, कारण ऑइलने तात्पुरती फट बुजली. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट उघडून बघायचे.