सेकंदाला चार हजार स्फोट, आपल्याच देहात

सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात साधारण १४० ग्रॅम पोटॅशियम असतं. त्याच्या दर साडेआठ हजार अणूंमागे एक अणू पोटॅशियम-४० या किरणोत्सारी जातीचा असतो. पृथ्वी घडली तेव्हापासून तो मातीत आहे आणि मातीतून धान्यात, धान्यातून आपल्यात येतो. त्याचं अर्धआयुष्य १२५ कोटी वर्षं आहे, म्हणून तो अजून संपलेला नाही.

एक ग्रॅम पोटॅशियममध्ये दर सेकंदाला सुमारे ३१ अणू फुटतात. १४० ग्रॅमचा हिशेब केला तर सेकंदाला ४,३०० च्या वर! आकडा ऐकून छातीत धस्स होतं, पण फुटण्याची संख्या म्हणजे मात्रा नव्हे. मात्रा ठरते ती दर किलो शरीरात किती ऊर्जा मुरली यावरून. शंभरातले नव्वदच्या आसपास अणू फुटताना एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकतात आणि तो काही मिलिमीटरांतच थांबतो, म्हणजे त्याची ऊर्जा आपल्यातच राहते. उरलेल्यांतून बहुतेक वेळा गॅमा किरण निघतो, आणि त्याचा बराच भाग शरीराबाहेर निसटतो. वर्षभरात असे सुमारे चौदा हजार कोटी अणू फुटतात. त्या सगळ्यांची शरीरात मुरलेली ऊर्जा जमवली तर ती एक ज्यूलच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढी भरते. १०० ग्रॅमचं वजन सेंटीमीटरभर वर उचलायला तेवढीच लागते. सत्तर किलोंवर ती वाटली की वार्षिक मात्रा येते ०.१७ मिलिसीव्हर्ट. निसर्गातून मिळणारी एकूण मात्रा जगभरात सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट आहे, त्यातला हा लहानसा वाटा.

मग केळी खाल्ली की ही मात्रा वाढते का? एका केळ्यात अर्धा ग्रॅमच्या आतबाहेर पोटॅशियम असतं, म्हणून 'केळ्याची मात्रा' असं मोजमापही प्रचारात आहे. मला ते फसवं वाटतं. निरोगी मूत्रपिंडं रक्तातलं पोटॅशियम काटेकोर राखतात आणि जास्तीचं लघवीवाटे बाहेर टाकतात. केळ्यातलं पोटॅशियम-४० आत आलं तसं जुनं तेवढंच बाहेर जातं, शरीरातला साठा तोच राहतो. तो साठा मुख्यतः स्नायूंत असतो, चरबीत फारच थोडा. म्हणून पिळदार शरीराच्या माणसात दर किलोमागे मात्रा थोडी जास्त आणि उतारवयात, स्नायू झडले की, कमी.

निसटणारा गॅमा किरण मात्र उपयोगी पडतो. जाड पोलादी खोलीत माणसाला झोपवून शरीरातली किरणोत्सारिता मोजणारी यंत्रं असतात. त्यांच्या आलेखावर १,४६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी उंचवटा येतो, आणि त्यावरून स्नायूंचा अंदाजही बांधता येतो. अणुभट्टीवरचा कामगार असो की कधी तिकडे फिरकलेला नसलेला शेतकरी, तो उंचवटा प्रत्येकात असतो. पुरेसा वेळ मोजूनही तो दिसला नाही, तर तंत्रज्ञ आधी यंत्र तपासतो.