जुन्या फायलींचं थंड गोदाम

कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीचा विचार करा. प्रत्येक कास्टिंगचा तपासणी अहवाल क्लाउडवर चढतो आणि वर्षभरानंतर तो क्वचितच कुणी उघडतं. ॲमेझॉनच्या एस-थ्री साठवणीत त्यासाठी ‘लाइफसायकल’ नियम असतो: अमुक फोल्डरमधली फाइल ३६५ दिवसांची झाली की ‘डीप आर्काइव्ह’ या सर्वांत स्वस्त थरात हलवा. पुढचं काम आपोआप होतं.

गोम आहे ती लहान फायलींची. समजा, २० केबीचे १० लाख अहवाल आहेत, म्हणजे सगळे मिळून २० जीबी. या थरात प्रत्येक फाइलमागे नोंदीसाठी ४० केबी जास्तीचे धरले जातात: ३२ केबी स्वस्त दराने, ८ केबी नेहमीच्या महाग दराने. मालापेक्षा बारदान जड! वर हलवण्याचं शुल्कही फाइलगणिक. म्हणूनच आता वेगळं सांगितलं नसेल, तर १२८ केबीहून लहान फायली नवा नियम हलवतच नाही, आणि बिल का उतरत नाही म्हणून मालक चक्रावतो.

उपाय साधा आहे. महिन्याचे अहवाल एका झिप फाइलमध्ये बांधा, मग नियम लावा. मात्र ऑडिटर दारात आल्यावर फाइल मागवू नका. ती परत मिळायला १२ तासांपर्यंत लागू शकतात. आणि १८० दिवसांआधी पुसलीत, तरी उरलेल्या दिवसांचं भाडं भरावंच लागतं.