ताई, इंग्लिशमधलं भाषण लिहून दे ना!

डिसेंबरच्या सुट्टीत तुम्ही गावी जाता. बॅग टेकवायच्या आत आठवीतली मामेबहीण वही घेऊन समोर उभी. ‘ताई, गॅदरिंगला माझं स्वागताचं भाषण आहे. इंग्लिशमधून. तू कॉलेजला आहेस ना, लिहून दे.’ हे माझ्यासोबत झालं जिंतूर तालुक्यातल्या एका गावात. तुमच्यासोबत झालं नसेल तर या वर्षी होईल. कारण घरात कॉलेजला जाणारं कुणी असलं की हे काम त्याच्याकडेच येतं.

माझ्या बहिणीचं प्रकरण जरा नाजूक होतं. आदल्या वर्षी तिनं हेच भाषण केलं होतं आणि तिसऱ्या वाक्याला अडकली होती. माईकसमोर शांतता, मागून पोरांचं हसू, मग सरांनी ‘टाळ्या वाजवा’ म्हणून तिला खाली बोलावलं. या वर्षी तिनं स्वतःहून नाव दिलं होतं. म्हणजे पुन्हा अडकली तर नववी-दहावीत ती माईकला हात लावणार नव्हती, हे मला दिसत होतं.

तिची जुनी वही पाहिली. पहिलंच वाक्य: ‘इट इज माय प्राउड प्रिव्हिलेज टू एक्स्टेंड अ हार्टी वेलकम टू द एस्टीम्ड डिग्निटरीज ग्रेसिंग द डायस.’ मी विचारलं, याचा अर्थ काय? ती म्हणाली, ‘स्वागत आहे असं काहीतरी.’ मी म्हटलं, ‘डायस’ म्हणजे? ‘माहीत नाही.’

इथेच सगळी गडबड आहे. आपल्या राज्यात २००० सालापासून सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. आठवीतल्या मुलीला ‘रोड’, ‘व्हिलेज’, ‘हॅपी’, ‘कम’, ‘थँक यू’ हे सगळं नीट कळतं. भाषण लिहिताना मात्र आपण तिला येणारे शब्द बाजूला ठेवतो आणि न येणारे पाठ करायला लावतो. अर्थ माहीत नसलेलं वाक्य म्हणजे नुसता आवाजांचा क्रम. त्यातला एक आवाज सुटला की पुढचा सापडत नाही, कारण पुढे काय सांगायचंय हेच डोक्यात नसतं. पोरगी घाबरली म्हणून विसरली असं आपण म्हणतो. पण अर्थ डोक्यात असता तर घाबरूनही तिला दुसऱ्या शब्दांत बोलता आलं असतं.

म्हणून मी एकच नियम केला. प्रत्येक वाक्य तिनं आधी मराठीत सांगायचं. सांगता आलं तर राहील, नाही तर खोडायचं. आधी तिला विचारलं, स्टेजवर उभं राहून तुला कुणाला काय म्हणायचंय? ती म्हणाली, पाहुण्यांना म्हणायचं की एवढ्या लांब आलात, बरं वाटलं. आयांना म्हणायचं की दिवसभर कापूस वेचून आलात. आणि आम्ही महिनाभर नाच बसवलाय. झालं, भाषण तयार होतं. बाकी शाळेचा अहवाल, निकाल, बक्षिसं हे सगळं प्रास्ताविकात मुख्याध्यापक सांगतातच. स्वागताच्या भाषणात ते घुसवलं की भाषण लांबतं आणि सरांचं बोलणं आधीच संपून जातं.

पण मराठीतून इंग्रजीत जाताना तीन ठिकाणी पाय घसरतो. तुम्ही लिहून देणार असाल तर ही तीन ठिकाणं आधी तपासा.

पहिलं, आदर. आपण एका पाहुण्यालाही ‘पाहुणे आले आहेत’ म्हणतो. मुलं तेच इंग्रजीत नेतात: ‘अवर चीफ गेस्ट आर कम.’ इंग्रजीत माणूस एक तर क्रियापदही एकाचंच: ‘अवर चीफ गेस्ट इज हिअर.’ आदर दाखवायचा तो ‘रिस्पेक्टेड’ किंवा ‘सर’, ‘मॅडम’ लावून. पोरांना हे उद्धट वाटतं, त्यामुळे चूक दुरुस्त केली तरी ती पुन्हा ‘आर’वर येतात. ‘इज’ म्हटल्यानं अपमान होत नाही, हे कारणासकट सांगावं लागतं.

दुसरं, ‘आजचे आमचे पाहुणे’. याचं थेट ‘अवर टुडेज चीफ गेस्ट’ होतं. नीट रूप ‘अवर चीफ गेस्ट टुडे’.

तिसरं, खुद्द स्वागत. ‘मी आपलं स्वागत करते’ याचं ‘आय डू युअर वेलकम’ होतं. ‘आय वेलकम यू’ म्हणा, किंवा त्याहून सोपं, ‘वेलकम टू अवर गॅदरिंग’. आणि नुसतं ‘यू आर वेलकम’ म्हणून थांबू नका. ते कुणी आभार मानल्यावर द्यायचं उत्तर आहे. पाहुण्यांनी अजून आभार मानलेलेच नसतात!

आमचं शेवटचं भाषण असं झालं:

‘गुड ईव्हनिंग, एव्हरीवन. माय नेम इज (इथे तिचं नाव) अँड आय स्टडी इन क्लास एट. रिस्पेक्टेड चीफ गेस्ट, रिस्पेक्टेड हेडमास्टर सर, डिअर टीचर्स, पेरेंट्स अँड फ्रेंड्स, वेलकम टू अवर ॲन्युअल गॅदरिंग.

सर, थँक यू फॉर कमिंग टू अवर व्हिलेज. द रोड इज लाँग. वी आर हॅपी यू केम.

डिअर पेरेंट्स, यू पिक्ड कॉटन ऑल डे, अँड स्टिल यू केम. थँक यू फॉर दॅट.

फॉर वन मंथ वी डान्स्ड अँड सँग, अँड फरगॉट अवर लाइन्स. टुनाइट वी विल ट्राय टू रिमेंबर देम.

प्लीज एन्जॉय द प्रोग्रॅम. थँक यू.’

साधारण ८५ शब्द आहेत. आठवीतली मुलगी थांबत थांबत बोलली तर एक मिनिट लागतं. एवढं पुरेसं आहे, कारण तिच्यानंतर सत्कार, शाल-श्रीफळ आणि मोठ्यांची भाषणं रांगेत उभी असतात. ‘फरगॉट अवर लाइन्स’ हा विनोद तिचाच. मागच्या वर्षीचं लोकांना आठवत असेल तर आपणच म्हणून टाकू, असं ती म्हणाली.

संबोधनाचा क्रम मात्र आपल्या मनानं लावू नका. कुठे अध्यक्ष वेगळे असतात, कुठे शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, सरपंच, केंद्रप्रमुख असे सगळे स्टेजवर असतात. कुणाचं नाव आधी, हे शाळेतल्या सरांनाच विचारा, त्यावरून रुसवे होतात. ‘सरपंच’ला इंग्रजी शब्द शोधत बसू नका, इंग्रजीतही सरपंचच म्हणतात. आणि सगळी नावं भाषणात भरण्यापेक्षा पद घ्या. पाहुणे ऐनवेळी बदलतात. पाठ केलेलं नाव तोंडात येतं आणि खुर्चीवर भलताच माणूस बसलेला असतो.

आता पाठांतर. पोरं पहिल्या वाक्यापासून सुरुवात करतात, अडकली की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे पहिलं वाक्य पन्नास वेळा घोकलं जातं आणि शेवटचं पाच वेळा. म्हणजे भाषण जसं पुढे सरकतं तसं ते कच्चं होत जातं. आम्ही उलटं केलं. आधी फक्त शेवटचा तुकडा, मग त्याच्या आधीचा तुकडा आणि शेवटचा, असं मागून पुढे आलो. असं केलं की बोलताना दर पावलाला आपण जास्त पक्क्या जागी जातो. पाच तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याला बघायची एक जागा: आधी सगळीकडे, मग पाहुण्यांची खुर्ची, मग आया बसतात ती डावी बाजू, मग स्टेजच्या कडेला नटून उभ्या मैत्रिणी, मग पुन्हा समोर. वाक्य विसरलं तरी मान कुठे वळवायची ते आठवतं, आणि तिथे कोण बसलंय ते दिसलं की काय म्हणायचं होतं तेही आठवतं.

मग परीक्षा. चहा करताना, भांडी घासताना मी मध्येच म्हणायचे, ‘आया!’ आणि तिनं तिसऱ्या तुकड्यापासून सुरू करायचं. कुठूनही सुरू करता आलं की समजा पाठांतर झालं. फक्त पहिल्यापासूनच म्हणता येत असेल तर अजून कच्चं आहे. आणि एक सुटकेची वाट ठरवली. सगळंच गेलं तर थेट शेवटच्या तुकड्यावर जायचं, ‘प्लीज एन्जॉय द प्रोग्रॅम. थँक यू’ म्हणून हसून उतरायचं. कुणाला कळणारही नाही.

माईकचं राहिलं. गावात भोंगे लांब लावलेले असतात आणि आपलाच आवाज क्षणभरानं परत येतो. सवय नसेल तर पोरगी तो ऐकत थांबते किंवा त्याच्या पुढे पळते. म्हणून दुपारी मंडप रिकामा असताना एकदा खऱ्या माईकवर म्हणून घ्या. तोंडापासून माईक मूठभर लांब, आणि प्रत्येक वाक्यानंतर मनात ‘एक, दोन’.

गॅदरिंगच्या संध्याकाळी मी मागे उभी होते. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, तिचं नाव पुकारलं. ती चढली, दोन पावलांत थांबली आणि पाहुण्यांच्या खुर्चीकडे बघत राहिली. माझ्या पोटात गोळा आला. मागचंच वर्ष पुन्हा, असं वाटलं. मग माझं लक्ष खुर्चीकडे गेलं. यायचे ते साहेब आले नव्हते. त्यांच्या जागी एक मॅडम बसल्या होत्या.

ती माईकपाशी आली. ‘गुड ईव्हनिंग, एव्हरीवन.’ दुसऱ्या तुकड्याला मान वळवली आणि म्हणाली, ‘मॅडम, थँक यू फॉर कमिंग टू अवर व्हिलेज.’ हे मी लिहून दिलं नव्हतं. एकच शब्द बदलला होता तिनं, पण मागच्या वर्षीच्या वाक्यात तिला एकही शब्द बदलता आला नसता.

‘रिमेंबर देम’वर शिक्षक हसले, मग पोरं हसली. या वेळी तिच्यासोबत.

मामी माझ्या पुढेच सतरंजीवर बसली होती. तिला इंग्रजी येत नाही. भाषण संपल्यावर मागे वळून म्हणाली, ‘मधी कॉटन म्हणाली ना ती? आमचंच काहीतरी सांगत होती ना?’

मी म्हटलं, हो मामी, तुमचंच.