पाऊस पडला की वाण्या घरात का शिरतात? कारण भिंतीला टेकलेल्या ढिगात आहे

वर्धा : मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत सकाळचं एक काम वाढतं. न्हाणीच्या कोपऱ्यात, उंबरठ्यापाशी, चुलीमागं काळ्या-तपकिरी वाण्या गोळा झालेल्या असतात आणि त्या झाडून सुपड्यात भराव्या लागतात. आर्द्रा लागेपर्यंत भिंतीवर गोगलगाई चढतात. फरशी उचलली किंवा पाण्याचा माठ सरकवला तर मागे चिमटा असलेला लांबट किडा पळताना दिसतो. दरवर्षीचं आहे म्हणून कोणी फारसं लक्ष देत नाही. मात्र एखाद्या वर्षी संख्या वाढली की दुकानातून पावडर आणली जाते आणि घरभर टाकली जाते. दुसऱ्या दिवशी वाण्या पुन्हा तितक्याच.

असं होण्याचं कारण साधं आहे. वाणी घरात राहायला येत नाही. ती घराबाहेर वाढते आणि रस्ता चुकल्यासारखी आत येते. म्हणून आत कितीही मारल्या तरी बाहेरचा साठा कमी होत नाही.

आधी वाणी म्हणजे काय ते पाहू. हिला काही भागांत पैसा म्हणतात, कारण हात लागला की ती नाण्यासारखी वेटोळी होते. कृषी विभागाच्या पत्रकात मिलीपीड असं नाव असतं. ती किडा नाही आणि गोमही नाही. गोम चपटी असते, वेगानं पळते, तिच्या अंगाच्या प्रत्येक कड्याला पायाची एक जोडी असते आणि ती चावते. वाणी गोल, नळीसारखी असते, सावकाश चालते, तिच्या बहुतेक कड्यांना पायाच्या दोन-दोन जोड्या असतात आणि ती चावत नाही. पोरांना हा फरक एकदा दाखवून ठेवला पाहिजे, कारण गोमीला हात लावणं महागात पडतं.

वाणीचं जगणं ओलाव्यावर चालतं. मुंग्या, झुरळं यांच्या अंगावर मेणासारखा थर असतो, त्यामुळं अंगातलं पाणी उडत नाही. वाणीच्या अंगावर तसा पक्का थर नसतो आणि तिची श्वासाची छिद्रंही नीट बंद होत नाहीत. कोरड्या जागी ती भराभर वाळते. म्हणून उन्हाळ्यात ती दिसत नाही. काळ्या मातीला भेगा पडतात, त्या भेगांत, दगडाखाली, उकिरड्याच्या पोटात ती खोल बसलेली असते. खाणं म्हणजे कुजलेला पाला, जुनं कुटार, ओल्या लाकडाची साल.

मग पाऊस येतो. काळी माती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात आणि मातीतल्या पोकळ्यांत हवेच्या जागी पाणी भरतं. ज्या ओलाव्यासाठी वाणी खाली गेली होती, तोच आता तिला गुदमरवतो. ती वर येते. त्याच दिवसांत जोडीदार शोधणं आणि अंडी घालायला जागा शोधणंही सुरू असतं, म्हणून ती रात्रभर चालत असते. जमीन चिखलाची आणि पाणी साचलेलं, तर उंच आणि ओलसर पण न बुडणारी जागा कोणती? घराचा पाया. भिंत लागली की ती भिंतीच्या कडेनं चालत राहते आणि जिथं फट मिळेल तिथून आत जाते. दाराखालची बोटभर जागा, न्हाणीच्या पाण्याची मोरी, मातीच्या भिंतीला पडलेलं भोक, कवेलूच्या घरात भिंत आणि छपरामधली पोकळी. सकाळ झाली की प्रकाश टाळून ती ओल्या कोपऱ्यात थांबते. बरीचशी दोन-तीन दिवसांत कोरडेपणानं मरते. कोरड्या खोलीत सापडणाऱ्या वाळक्या, कडक वाण्या तशाच मेलेल्या असतात.

आता प्रश्न उरतो की एका घरात शंभर आणि शेजारच्या घरात पाच, असं का. याचं उत्तर बहुतेक वेळा भिंतीला टेकून ठेवलेल्या ढिगात सापडतं. आपल्याकडं कपाशी निघाली की पऱ्हाटी आणून घराच्या मागच्या भिंतीला रचतात. सरपण म्हणून ती सोयीची. शेजारी कुटाराचा ढीग, थोडं अंतर सोडून उकिरडा. पावसात या ढिगाचा खालचा थर भिजतो आणि कुजतो. वाणीला तिथंच खाणं मिळतं, ओल मिळते, सावली मिळते. ढीग आणि घर यात अंतरच नाही, तर घरात यायला तिला वेगळी वाट शोधावी लागत नाही.

हे नुसतं ऐकून घेण्यापेक्षा तपासून पाहता येतं आणि त्याला खर्च नाही. चार रिकामी पोती ओली करून घराच्या चारही बाजूंनी भिंतीला लागून, जमिनीवर पसरून ठेवा. रात्रभर राहू द्या. सकाळी ऊन चढायच्या आत एकेक पोतं उलटा आणि खालच्या वाण्या मोजा. समजा समोरच्या पोत्याखाली चार निघाल्या, दोन्ही बाजूंना सहा-सात आणि मागच्या पऱ्हाटीजवळच्या पोत्याखाली चाळीस. मग काम कुठं करायचं ते ठरलं. समोर पावडर टाकण्यात अर्थ नाही. मागची पऱ्हाटी भिंतीपासून निदान चार-पाच हात दूर न्या आणि विटा किंवा दगडांवर फळ्या टाकून त्यावर रचा, म्हणजे खालून हवा खेळेल आणि तळ कुजणार नाही. भिंतीलगतचा हातभर पट्टा झाडून पाला, गवत, शेणकूट काहीही राहू देऊ नका. न्हाणीचं पाणी भिंतीशी मुरत असेल तर नाली काढून लांब सोडा. चार दिवसांनी पुन्हा तीच पोती ठेवा. मागचा आकडा दहा-बारावर आला असेल तर निदान बरोबर होतं. तसाच राहिला तर ओल दुसरीकडून येते आहे. बऱ्याचदा ती पायाखाली मुरलेल्या मोरीची असते. ढीग हलवताना मात्र हातात काठी ठेवावी आणि पायात बूट असावेत, कारण त्याच पऱ्हाटीत विंचू आणि सापही बसलेले असतात.

पोत्याखाली सापडलेल्या वाण्या झाडूनं बादलीत ढकला, बादलीत साबणाचं पाणी असू द्या. चपलेखाली चिरडू नका. वाणीच्या अंगाच्या बाजूला बारीक छिद्रं असतात, त्यातून ती पिवळसर-तपकिरी रस सोडते. वास उग्र, आयोडीनसारखा. हा रस कातडीला लागला की आधी पिवळट, मग तपकिरी-जांभळा डाग पडतो. कधी आग होते, फोड येतो. डाग काही आठवडे राहू शकतो. रात्री बुटात वाणी शिरली आणि सकाळी पायाच्या बोटाखाली चिरडली गेली तर बोट काळंनिळं दिसतं आणि माणूस घाबरतो. डॉक्टरकडं गेलात तर वाणीची गोष्ट आधी सांगा, नाहीतर रक्तपुरवठा बंद पडल्यासारखं वाटून तपासण्या सुरू होतात. रस लागला की साबण-पाण्यानं लगेच धुवा. डोळ्यात गेला तर मात्र भरपूर स्वच्छ पाण्यानं बराच वेळ धुऊन त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवावं. जमिनीवर झोपणाऱ्या लहान लेकरांसाठी या दिवसांत खाट बरी.

गोगलगाईचं कारण थोडं वेगळं. पाणी साचलं की तीही वर चढते, पण भिंतीवर रेंगाळण्यामागं तिचा एक स्वार्थ आहे. शंख बनवायला तिला चुना लागतो. चुन्यानं सारवलेली भिंत, सिमेंटचा गिलावा ती आपल्या खरखरीत जिभेनं खरवडून खाते. भिंतीवर वेडीवाकडी खरवडलेली नक्षी दिसली तर ती तिचीच. मोठ्या शंखाची जी गोगलगाय आता सगळीकडं दिसते ती मूळची आपली नाही. ती पूर्व आफ्रिकेची, १८४७ मध्ये मॉरिशसहून कलकत्त्याला आणून सोडलेली. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात हिनं सोयाबीनची उगवलेली रोपं खाऊन टाकली आणि सरकारला नुकसानभरपाई द्यावी लागली. हिला उघड्या हातानं उचलू नये, कारण तिच्या अंगात उंदरापासून आलेला एक सूक्ष्म जंत असू शकतो, तो माणसाच्या मेंदूपर्यंत पोचतो. हातात प्लास्टिकची पिशवी घालून उचला, नंतर हात धुवा. ती फिरलेला पालेभाजीचा वाफा असेल तर भाजी नीट धुऊन शिजवूनच खा. गोळा करायला गुळाचं पाणी कामी येतं. त्यात भिजवलेलं पोतं संध्याकाळी ठेवलं की रात्री गोगलगाई त्याखाली येतात. जमलेल्या गोगलगाई मिठाच्या पाण्यात टाकून माराव्यात. मीठ जमिनीवर किंवा पायावर टाकू नये, त्यानं माती आणि गिलावा दोन्ही खराब होतात.

चिमटेवाल्या किड्याबद्दल थोडकं. तो कानात शिरतो अशी भीती इंग्रजांकडून आलेली आहे, त्याचं इंग्रजी नावच त्यावरून पडलं. त्यात तथ्य नाही. त्याला दोन्हीकडून अंग दाबलं जाईल अशी अरुंद, ओली फट आवडते, म्हणून तो फरशीखाली बसतो आणि रात्री दिव्याकडं येतो. चिमटा फार तर बोटाला टोचतो. तो मावा आणि बारीक किडे खातो. एखाद-दुसरा दिसला तर हातपाय गाळायची गरज नाही.

राहिली औषधाची गोष्ट. चुलीची कोरडी राख उंबरठ्यावर आणि मोरीभोवती टाकली तर वाणी ती ओलांडायला नाखूश असते, पण राख भिजली की उपयोग संपला, पुन्हा टाकावी लागते. काही घरांत जुनं फोरेट, म्हणजे लोक ज्याला थिमेट म्हणतात ते, भिंतीच्या कडेनं टाकतात. हे करू नये. ३१ डिसेंबर २०२० पासून ते देशात बंद आहे आणि अंगणात कोंबड्या, बकऱ्या, लेकरं असताना ते जीवावर बेतू शकतं. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी दगावले, ते तर मोकळ्या वावरात. गोगलगाईसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात, त्या वावरात चालतात, पण गोडसर असल्यानं कुत्री खातात आणि मरतात, म्हणून घराभोवती नकोच.

वावरात सोयाबीन-कपाशीची उगवण वाणी कुरतडत असेल तर तिथला उपाय वेगळा आहे. कुजलेल्या काडीकचऱ्याचे छोटे ढीग संध्याकाळी धुऱ्यालगत ठेवून सकाळी त्यातल्या वाण्या वेचून काढता येतात, आणि रासायनिक उपाय करायचाच असेल तर सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात विचारून त्या वर्षाची शिफारस घ्यावी. उगवणीनंतर साधारण वीस-पंचवीस दिवसांत खोड जून झालं की वाणीचा त्रास आपोआप कमी होतो.