भूक लागते कुणाला, क्रियापद ऐकतं कुणाचं?

‘मला भूक लागली’ या वाक्यात क्रियापद स्त्रीलिंगी एकवचनी आहे. बोलणारा पुरुष असो, बाई असो किंवा घरातली सगळी माणसं मिळून बोलत असोत, ‘लागली’चं रूप बदलत नाही, कारण ते ‘भूक’ या शब्दाशी जुळतं. भुकेच्या जागी ताप आणला की ‘मला ताप आला’ असं पुल्लिंगी रूप येतं आणि जुलाब आणले की ‘मला जुलाब झाले’ असं अनेकवचन होतं. ज्याचं पोट रिकामं आहे किंवा अंग तापलं आहे, तो माणूस ‘ला’ प्रत्यय लावून वाक्याच्या सुरुवातीला बसतो खरा, पण क्रियापदाच्या रूपावर त्याचा काही अधिकार चालत नाही.

शाळेत कर्ता शोधण्याची एक युक्ती शिकवतात: धातूला ‘णारा’ लावायचा आणि ‘कोण?’ असं विचारायचं. ‘राम आंबा खातो’ या वाक्यात खाणारा राम, म्हणून राम कर्ता. हीच युक्ती ‘मला आंबा आवडतो’ला लावली, तर आवडणारा आंबा निघतो. ‘मला भूक लागली’ मध्ये लागणारी भूक निघते. त्या हिशेबाने आंबा आणि भूक हे कर्ते, प्रयोग कर्तरी आणि ‘मला’ हे नुसतं चतुर्थीचं रूप. परीक्षेत या उत्तराला गुण मिळतात. शिवाय क्रियापदाची रूपंही त्याच बाजूने साक्ष देतात, कारण ‘तुला मी आवडतो का?’ या प्रश्नात क्रियापद प्रथमपुरुषी आहे आणि ‘मला तू आवडतेस’ मध्ये द्वितीयपुरुषी. आवड एकाच्या मनात आणि क्रियापदाचा पुरुष दुसऱ्याचा. मराठी नव्याने शिकणारा माणूस ‘मी आंबा आवडतो’ म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला हसू येतं ते यामुळेच, कारण ‘मी आवडतो’ याचा अर्थ आवड दुसऱ्या कुणाची तरी आणि तिचा विषय मी, असा होतो.

पण नुसत्या रूपांच्या साक्षीवर निकाल देणं मराठीत धोक्याचं आहे. ‘शेखरने कैरी खाल्ली’ या वाक्यातही क्रियापद कैरीशी जुळतं, शेखरशी नाही. तरी तिथे खाणारा शेखरच आणि कर्ताही तोच, म्हणून तर त्या प्रयोगाला कर्मणी म्हणतात. म्हणजे क्रियापद ज्याच्याशी जुळतं तोच कर्ता, हा नियम मराठीने भूतकाळापुरता केव्हाच मोडलेला आहे. मग ‘मला’ कर्ता आहे की नाही हे ठरवायला दुसऱ्या खुणा शोधाव्या लागतात. अशा दोन खुणा बऱ्यापैकी भरवशाच्या आहेत.

पहिली खूण ‘आपला’ या शब्दाची. ‘मीनाने शेखरला आपला फोटो दाखवला’ या वाक्यात फोटो मीनाचा, शेखरचा नव्हे. शेखरचा असता तर ‘त्याचा फोटो’ म्हणावं लागलं असतं. ‘आपला’ हा शब्द मागे वळून वाक्यातल्या कर्त्याला धरतो, आणि ज्याला काही दिलं किंवा दाखवलं त्याला एरवी सोडून देतो. आता ‘शेखरला आपला फोटो आवडला’ हे वाक्य घ्या. प्रत्यय तोच ‘ला’, पण इथे फोटो शेखरचाच. ‘आपला’ने शेखरला कर्ता मानलं आहे.

दुसरी खूण ‘ऊन’ प्रत्ययाची. ‘मीनाने शेखरला घरी जाऊन पैसे दिले’ यात घरी गेली ती मीना. पैसे घेणारा शेखर गेला की नाही याबद्दल वाक्य गप्प आहे. ‘ऊन’ने जोडलेल्या क्रियेचा धनी आणि मुख्य क्रियेचा कर्ता हे साधारणपणे एकच असावे लागतात. ‘बातमी ऐकून शेखरला आनंद झाला’ यात मात्र बातमी ऐकणारा शेखर आहे. रूपाने कर्ता असलेला ‘आनंद’ काही बातमी ऐकत नाही. ‘पावसात भिजून मला सर्दी झाली’ मध्ये भिजलो मी, सर्दी नव्हे. उलट दिशेनेही हे चालतं. ‘चक्कर येऊन तो खाली पडला’ हे वाक्य रोजच्या बोलण्यातलं आहे. चक्कर आली ‘त्याला’ आणि पडला ‘तो’. दोन विभक्त्या वेगळ्या असूनही भाषा दोघांना एकच कर्ता समजून जोडून टाकते आणि ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नाही.

या दोन खुणा ‘मला’च्या बाजूने गेल्या, तरी बाकीच्या जात नाहीत. आज्ञा देऊन पाहिलं की फरक कळतो. ‘जेव’, ‘झोप’, ‘ऐक’ असं कुणालाही सांगता येतं. ‘भूक लाग’ असं सांगता येत नाही, फार तर ‘भूक लागू दे’ म्हणता येतं. ‘मुद्दाम’ हा शब्द घालून पाहिला तरी तेच. ‘तो मुद्दाम बोलला’ ठीक, पण ‘त्याला मुद्दाम तहान लागली’ हे टोमणा मारायचा असेल तरच. थोडक्यात, कर्तेपणाचे अधिकार एका ठिकाणी नाहीत. क्रियापदाचं रूप भुकेकडे आहे, वाक्यातल्या दुसऱ्या शब्दांना आणि क्रियांना बांधून ठेवण्याचं काम माणसाकडे आहे आणि हेतू कुणाकडेच नाही. भाषाशास्त्रात अशा माणसाला ‘अनुभवक’ म्हणता येतं, म्हणजे क्रिया न करणारा, तिचा अनुभव घेणारा.

अनुभवकाची ही रचना मराठीत इतकी पसरली आहे की एकाच घटनेची दोन वाक्यं शेजारी शेजारी नांदतात. ‘मी पाहिलं’ आणि ‘मला दिसलं’, ‘मी ऐकलं’ आणि ‘मला ऐकू आलं’, ‘मी समजून घेतलं’ आणि ‘मला समजलं’. पहिल्यात प्रयत्न आहे आणि दुसऱ्यात तो नाही. पोलिसांपुढे साक्ष देणारा ‘मी पाहत होतो’ म्हणाला, तर ‘का पाहत होता?’ असा पुढचा प्रश्न येऊ शकतो. ‘मला दिसलं’ म्हणणाऱ्याला तो येत नाही.

मात्र ‘हेतू नसेल तर ला लावा’ असा सरळ नियम करायला गेलं, तर तो टिकत नाही. घसरणं, दमणं, घाबरणं यात कुणाचा हेतू नसतो, तरी ‘मी घसरलो’, ‘मी दमलो’, ‘मी घाबरलो’ असंच म्हणतात. ‘मला भीती वाटली’ आणि ‘मी घाबरलो’ यात अनुभव एकच, रचना दोन. विसरण्याचंही तसंच. ‘मी छत्री विसरलो’ आणि ‘मला छत्रीचा विसर पडला’ दोन्ही चालतात, पण ‘आठवणं’ मात्र ‘मला आठवतं’ असंच येतं. अर्थ दिशा दाखवतो, निर्णय त्या त्या क्रियापदाचा असतो.

खरी कसोटी नामाबरोबर कोणतं क्रियापद यायचं याची आहे. भूक आणि तहान लागते, ताप येतो, सर्दी होते, थंडी वाजते, लाज वाटते, स्वप्न पडतं. ‘ताप लागला’ किंवा ‘थंडी लागली’ असं एखादा म्हणाला, तर तो घरात दुसरी भाषा बोलतो हे लगेच ओळखू येतं. कधी क्रियापद बदललं की अनुभवच बदलतो. ‘मला झोप आली’ म्हणजे डोळे मिटायला लागले, माणूस अजून जागा आहे. ‘मला झोप लागली’ म्हणजे तो झोपून गेला. म्हणूनच ‘झोप येतेय, पण लागत नाही’ हे वाक्य पूर्ण अर्थाचं आहे.

काही वाक्यांत तर नामही नसतं. ‘मला मळमळतं’, ‘मला उकडतंय’, ‘मला इथे करमत नाही’. शाळेची ‘णारा’ची युक्ती इथे हात टेकते, कारण मळमळणारं कोणी सापडत नाही. क्रियापदाला जुळवून घ्यायला कुणीच नसल्याने ते नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं. पारंपरिक व्याकरणाने याला ‘भावकर्तरी’ असं नाव देऊन ‘उजाडलं’, ‘सांजावलं’ यांच्या पंक्तीला बसवलं. पण उजाडतं ते सगळ्यांसाठी, आणि मळमळतं ते कुणाला तरी. हा फरक त्या नावात येत नाही.

ही रचना मराठीने एकटीने घडवलेली नाही. संस्कृतात ‘रुच्’ धातूबरोबर ज्याला आवडतं त्याची चतुर्थी होते, आणि पाणिनीने अष्टाध्यायीत (1.4.33) त्यासाठी खास सूत्र केलं आहे. मराठीतलं ‘मला हे रुचत नाही’ त्याच घराण्यातलं. पण संस्कृतात मर्यादित असलेली ही सोय पुढे आर्य आणि द्राविड अशा दोन्ही कुळांच्या भाषांत फार पसरलेली दिसते. वऱ्हाडात ‘मले भूक लागली’ म्हणतात, कोकणीत ‘म्हाका’ येतं, गुजरातीत ‘मने’, हिंदीत ‘मुझे’. कुळाने निराळ्या असलेल्या कन्नडमध्ये ‘ननगे’, तेलुगूत ‘नाकु’ आणि तमिळमध्ये ‘एनक्कु’ हीदेखील चतुर्थीचीच रूपं आहेत. बंगालीत मात्र ‘आमार’ अशी षष्ठी येते, भूक ‘माझी’ असते. म्हणून दक्षिण आशियाला एक भाषिक प्रदेश मानणारे अभ्यासक या रचनेला त्या प्रदेशाची एक खूण समजतात. तिच्यावर मणिंद्र वर्मा आणि के. पी. मोहनन यांनी संपादित केलेला लेखसंग्रह 1990 साली निघाला. दुखण्याच्या बाबतीत मराठीही थोडी बंगालीसारखी वागते. ‘माझं डोकं दुखतं’ आणि ‘माझ्या पोटात दुखतं’ यांत ‘मला’ कुठेच नाही.

मराठी शिकवणाऱ्यांनी यातून एक गोष्ट जरूर घ्यावी. ‘भूक’, ‘ताप’, ‘थंडी’ हे शब्द सुटे पाठ करून घेऊ नयेत. ‘मला भूक लागते, मला ताप येतो, मला थंडी वाजते’ अशी पूर्ण वाक्यंच तोंडी बसवावीत, कारण यातलं क्रियापद कोणत्याही नियमाने काढता येत नाही.