पहिल्या प्रश्नाआधीची चार मिनिटं

शाळेत विज्ञानाची किंवा इतिहासाची प्रश्नमंजूषा असली की मुलांच्या हातात निदान पाठ्यपुस्तक तरी असतं. 'टीव्ही मालिका : सत्तरच्या दशकापासून आजपर्यंत' असा विषय ठेवला की तो आधार जातो. आठवी-नववीतल्या मुलाचा जन्म साधारण २०११-१२ च्या आसपासचा. 'हमलोग' १९८४ साली सुरू झाली, म्हणजे त्याची आईसुद्धा तेव्हा लहान असेल किंवा जन्मलेलीही नसेल. मग घरात आजी-आजोबा असलेला संघ जिंकतो आणि बाकीचे नुसते बसून राहतात. अशी स्पर्धा पाहताना मला वाईट वाटतं, कारण ती मुलांच्या डोक्याची परीक्षा राहत नाही. यावरचा उपाय बराचसा सूत्रसंचालकाच्या सुरुवातीच्या निवेदनात असतो. बहुतेक ठिकाणी ते निवेदन स्वागत, दीपप्रज्वलन आणि 'सर्व संघांना शुभेच्छा' यांतच संपतं.

स्टेजवरून सावकाश, मध्ये थांबत बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. चार मिनिटांचं निवेदन म्हणजे चारशे-पाचशे शब्द. त्याहून लांबलं तर मागच्या रांगा बोलायला लागतात. एवढ्या शब्दांत मुलांना काळाचा नकाशा द्यायचा, नियम सांगायचे, पालकांना गप्प बसवायचं आणि एक सरावाचा प्रश्न घ्यायचा. हे आयत्या वेळी तोंडी जमत नाही, लिहूनच काढावं लागतं.

सुरुवात काळाच्या नकाशानं करावी. नकाशा म्हणजे मालिकांची यादी नव्हे. टीव्ही कसा पाहिला जात होता, एवढंच मुलांना कळलं की पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं ती विचार करून काढू शकतात. मी तो भाग साधारण असा लिहीन:

'मुलांनो, मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झालं १९७२ साली. तेव्हा चित्र काळं-पांढरं होतं आणि वाहिनी एकच होती. रंग आले १९८२ साली, दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या त्या वर्षी. ऐंशीच्या दशकातली "रामायण" किंवा "महाभारत" ही मालिका आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी लागायची. चुकली तर चुकली. १९९२ साली झी टीव्ही आला आणि वाहिन्यांची संख्या वाढू लागली. १९९९ साली अल्फा मराठी आली, तिलाच आज तुम्ही झी मराठी म्हणता. पुढे मालिका रोज लागू लागल्या आणि वर्षानुवर्षं चालू लागल्या. मालिका रोजची आहे की आठवड्याची, वाहिनी एकच आहे की अनेक, हे आठवलंत की साल ओळखायला सोपं जाईल.'

एवढं ऐकलेल्या मुलाला नंतर विचारलं, '"रामायण" या मालिकेचे ७८ भाग होते आणि "चार दिवस सासूचे"चे तीन हजारांहून जास्त. असं का?', तर त्यानं दोन्हीतली एकही पाहिलेली नसली तरी तो उत्तराजवळ पोचतो. असा प्रश्न आठवणीवर चालत नाही, निवेदन नीट ऐकलंय की नाही यावर चालतो.

नकाशात काय सांगायचं नाही, हेही ठरवावं लागतं. रामानंद सागर यांची 'रामायण' १९८७-८८ मधली असली तरी आजच्या मुलांना ती अनोळखी नसते. २०२० च्या टाळेबंदीत मार्चअखेरीस दूरदर्शननं ती पुन्हा दाखवली, तेव्हा ही मुलं सात-आठ वर्षांची होती. त्यांतल्या पुष्कळांनी ती घरातल्यांबरोबर बसून पाहिली. त्याउलट २००१ ची 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सालानं जवळची असूनही काहींना ठाऊक नसेल. म्हणजे 'जुनी म्हणून अवघड, नवी म्हणून सोपी' हा हिशेब चालत नाही. मी निवेदनात 'रामायण'च्या कथेवर एक शब्दही घालवत नाही. तो वेळ वाहिन्या बदलल्या त्या वर्षांना देतो.

याच कारणानं एक नियम तोंडी सांगून टाकावा लागतो: साल विचारलं तर मालिका प्रथम दाखवली गेली ते साल, पुन:प्रक्षेपणाचं नव्हे.

खरी भांडणं होतात ती एकाच नावाच्या मालिकांवरून. 'महाभारत'मध्ये कृष्णाची भूमिका कोणी केली? स्टेजवरची मुलगी म्हणाली 'सौरभ राज जैन' आणि सूत्रसंचालकाच्या कागदावर 'नितीश भारद्वाज' असेल तर दोघंही बरोबर आहेत. नितीश भारद्वाज १९८८ साली सुरू झालेल्या बी. आर. चोप्रा यांच्या मालिकेत होते, सौरभ राज जैन २०१३ च्या मालिकेत. मुलीला चूक ठरवलं तर तिच्यावर अन्याय होतो. दोन्ही उत्तरं मान्य केली तर आधीच्या संघाचा तक्रारीचा हक्क उभा राहतो. म्हणून निवेदनातच सांगायचं की मालिकेच्या नावाबरोबर प्रत्येक वेळी साल किंवा निर्माता सांगितला जाईल, आणि तो सांगायचा राहिला तर उत्तर देण्याआधी संघानं विचारावा. वाहिन्यांच्या नावांचंही तसंच. अल्फाची झी मराठी झाली, ई-टीव्ही मराठीची कलर्स मराठी. जुनं किंवा नवं, कुठलंही नाव चालेल, हे एका वाक्यात सांगून मोकळं व्हावं.

'पहिली' हा शब्द त्याहून धोक्याचा आहे. 'भारतातली पहिली मालिका कोणती?' असा प्रश्न सर्रास विचारला जातो आणि उत्तर 'हमलोग' धरलं जातं. पण मुंबई दूरदर्शनवर त्याच्या आधीच, सत्तरच्या दशकात, चिं. वि. जोशी यांच्या कथांवरची 'चिमणराव गुंड्याभाऊ' लागत होती. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. ज्या मुलीच्या आजोबांनी ही मालिका पाहिलेली आहे ती हात वर करणार आणि तिचं म्हणणं खोटं नसणार. 'हमलोग'ला पहिली म्हणतात ते देशभर दिसलेली, भाग जोडत पुढे जाणारी हिंदी कौटुंबिक मालिका या अर्थानं. तेव्हा निवेदनात असं वाक्य हवं: 'आज प्रश्नात "पहिली" शब्द आला तर तो कोणत्या भाषेत आणि कोणत्या वाहिनीवर, हे प्रश्नातच असेल. ते नसेल तर प्रश्न रद्द समजा.' हे वाक्य लिहिलं की सूत्रसंचालक स्वत:ही प्रश्न काढताना जपून राहतो. भागांच्या संख्येचे प्रश्नही असेच जपून घ्यावेत. 'हमलोग'चे भाग कुठे १५४ दिलेले आढळतात, कुठे १५६. असा आकडा विचारूच नये.

यानंतर गुणांचे नियम. थेट प्रश्नाला दहा गुण आणि तीस सेकंद, पास होऊन आलेल्याला पाच गुण आणि दहा सेकंद, एवढं पुरेसं आहे. वाद असतो तो पास कसा फिरतो यावर. समजा अ, ब, क, ड, इ असे पाच संघ आहेत. पास नेहमी उजवीकडेच जात असेल आणि अ संघ कच्चा असेल, तर त्याचा प्रत्येक सुटलेला प्रश्न आधी ब ला मिळतो. ब हुशार असो वा नसो, नुसत्या खुर्चीच्या जागेमुळे त्याचे गुण वाढतात. मुरलेले क्विझवाले यावर फिरती पद्धत वापरतात. तीत थेट प्रश्न असा वेगळा नसतो. अ पासून निघालेला प्रश्न ड नं सोडवला तर पुढचा प्रश्न इ पासून सुरू होतो. पद्धत न्याय्य आहे, पण शाळेत मला ती नकोशी वाटते. समोर बसलेल्या पालकांना ती कळत नाही, आणि एखाद्या संघाच्या वाट्याला पहिल्यानं उत्तर द्यायचे प्रश्न कमी येतात. शाळेत प्रत्येक संघाला सारखे थेट प्रश्न द्यावेत आणि स्पर्धा निम्मी झाली की पासची दिशा उलटी करावी. मग अ चे सुटलेले प्रश्न आधी इ कडे जातात. निवेदनात हे बोटानं दाखवत सांगायचं: 'पहिल्या तीन फेऱ्या असा, नंतरच्या तीन फेऱ्या असा.'

पालकांचा भाग बहुतेक जण विसरतात, आणि या विषयात तोच सगळ्यांत नाजूक आहे. शीर्षकगीताची फेरी असली आणि स्पीकरवर 'आभाळमाया'चे पहिले दोन सूर वाजले की मागच्या रांगेतून नाव येतंच. कुणी मुद्दाम सांगत नाही, तोंडातून निघून जातं. त्यांना दटावून भागत नाही, त्यांना काहीतरी द्यावं लागतं. म्हणून: 'पालकहो, यांतल्या पुष्कळ मालिका तुमच्या आहेत. प्रत्येक फेरीनंतर एक प्रश्न फक्त तुमच्यासाठी राखून ठेवलाय. पण फेरी चालू असताना उत्तर प्रेक्षकांतून आलं तर तो प्रश्न रद्द होईल आणि त्याच संघाला नवा मिळेल.' रद्द प्रश्नांसाठी प्रत्येक फेरीत दोन जादा प्रश्न तयार ठेवावेत, नाहीतर हा नियम कागदावरच राहतो.

शेवटी सरावाचा प्रश्न. त्याला गुण नसतात, सर्व संघांनी पाटीवर उत्तर लिहायचं असतं. माझा आवडता प्रश्न असा: 'मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं ते १९७२ साल. बी. आर. चोप्रांची "महाभारत" सुरू झाली ते १९८८. झी टीव्ही सुरू झाला ते १९९२. वर्षं वेगळी, पण तिन्हींची तारीख आणि महिना एकच आहे. त्या दिवशी तुमची शाळा दर वर्षी बंद असते. सांगा तारीख.' मुलं सुट्ट्या मोजू लागतात. कुणी पंधरा ऑगस्ट लिहितं, मग शेजारचा कुजबुजतो की त्या दिवशी तर झेंडावंदनाला यावं लागतं. सव्वीस जानेवारीही तशीच बाद होते. उरते दोन ऑक्टोबर. तिन्हींपैकी एकही गोष्ट आधी ठाऊक नसलेला संघ इथे बरोबर येतो, आणि 'मला हे माहीतच नाही' म्हणून हात बांधून बसलेली मुलं पुढे सरकतात.

पाट्या वर झाल्या की त्याच मिनिटात आक्षेपाचा नियम सांगून घ्यावा: आक्षेप पुढचा प्रश्न वाचायला सुरुवात होण्यापूर्वी, तोही फक्त संघाच्या कप्तानानं. परीक्षकांच्या हातातल्या कागदावर प्रत्येक उत्तराशेजारी मालिका, साल, वाहिनी आणि मान्य असलेली पर्यायी उत्तरं लिहिलेली असली पाहिजेत, म्हणजे निकाल दहा सेकंदांत देता येतो. मग गुणफलक शून्यावर आणायचा आणि अ संघाकडे वळायचं. पहिला थेट प्रश्न मी चिमणराव आणि आबा टिपरे यांच्यावर घेतो: एक सत्तरच्या दशकातला, दुसरा २००१ नंतरचा, दोघांची भूमिका करणारा अभिनेता एकच, तो कोण?